भाड्याच्या फ्लॅटमध्ये ट्युशन किंवा शिलाई करायचीय? मालकाला काय आणि कसं विचारायचं, गोव्यातल्या अनुभवावरून

मी फोंड्याला भाड्याने राहते आणि घरीच पाचवी ते सातवीच्या मुलांची ट्युशन घेते. सुरू केली तेव्हा कोणाला काही विचारलं नव्हतं, चार मुलं तर येणार, त्यात मालकाला काय सांगायचं असं वाटलं. मग चाराची नऊ झाली, जिन्यात अठरा चपला, खाली पालकांच्या स्कूटर, आणि एक दिवस मालकांचा फोन आला, "तुम्ही क्लास चालवताय म्हणे? मला खालच्या मजल्यावरच्यांकडून कळावं हे?" ते ट्युशनवर चिडले नव्हते, दुसऱ्याच्या तोंडून कळलं यावर चिडले होते. पण त्यानंतर गोष्ट ॲग्रीमेंट रिन्यू करणार नाही इथपर्यंत गेली आणि ती निस्तरायला मला सहा महिने लागले.

म्हणून माझ्या नणंदेने पर्वरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिलाईचं काम घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही आधी विचारायचं कसं यावर डोकं लावलं. तिचीच केस धरून सांगते, ट्युशनवाल्यांचं जिथे वेगळं आहे तिथे मध्ये मध्ये सांगेन.

पहिलं काम म्हणजे तुमचं ॲग्रीमेंट काढा आणि वाचा. गोव्यात बहुतेकांचं अकरा महिन्यांचं असतं, कारण एक वर्षाच्या वर गेलं की लीज रजिस्टर करावंच लागतं आणि ती कटकट कोणालाच नको असते. त्या कागदात कुठेतरी एक ओळ असते की फ्लॅट फक्त राहण्यासाठी वापरायचा. काहींमध्ये पुढे आणखी एक ओळ असते, कुठलाही धंदा, व्यवसाय करायचा नाही. आणि काही कागद याबद्दल काहीच बोलत नाहीत. ह्या तिन्हींत बराच फरक आहे. धंदा करायचा नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर तुम्ही गुपचूप मशीन लावलीत की ॲग्रीमेंट मोडलंतच, मग कितीही छोटं काम असो. फक्त राहण्यासाठी असं लिहिलं असेल तर वाद घालायला जागा असते, कारण भांडण कोर्टात गेलंच तर जागेचा मुख्य वापर काय आहे ते बघितलं जातं, तुम्ही तिथे राहता, जेवता, झोपता आणि कोपऱ्यात एक मशीन आहे, हे एक, आणि हॉलमध्ये चार मशीन, दोन कारागीर आणि तुम्ही झोपता कुठे तर स्वयंपाकघरात, हे दुसरं. काहीच लिहिलं नसेल तरी मोकळं रान नाही, कारण १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे की ज्या कामासाठी जागा भाड्याने घेतली त्यापेक्षा वेगळ्या कामाला ती वापरायची नाही.

आणि गोव्याचा स्वतःचा १९६८चा रेंट कंट्रोल कायदा आहे, तो जिथे लागू होतो तिथे भाडेकरूला काढायच्या कारणांमध्ये एक कारण हेच आहे की मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागा दुसऱ्याच कामाला वापरली. लेखी हा शब्द लक्षात ठेवा. मालक गेटवर उभे राहून "करा हो, काय बिघडतंय" म्हणाले याला नंतर काडीची किंमत नसते, विशेषतः मालक वारले आणि मुलगा मुंबईहून आला की. व्हॉट्सॲपवरचं "ओके" त्यापेक्षा बरं, पण सहीचा कागद तो कागदच.

आता मालक नाही का म्हणतात ते बघू. माझ्या मते लोक इथेच चुकतात, आपण आपली गरज सांगत बसतो, नवऱ्याचा पगार पुरत नाही, मुलांची फी आहे, आणि समोरच्याच्या डोक्यात भलतंच चाललेलं असतं.

गोव्यातल्या मालकाच्या डोक्यात पहिली भीती म्हणजे हा माणूस इथे रुजेल आणि निघणार नाही. ही हवेतली भीती नाही. १९७५च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण मिळालं, आणि जुन्या घरांमधून त्याचे किस्से अजून सांगितले जातात. खरं म्हणजे घराचं भाडं देणारा माणूस मुंडकाराच्या व्याख्येत येत नाही, कायद्यातच तसं आहे, पण भीतीला व्याख्या कोण वाचून दाखवणार. त्यात घरातून धंदा म्हटलं की मालकाला वाटतं आता हिचं गिऱ्हाईक इथे जमलं, ही कशाला उठतेय. तेव्हा विचारताना तुम्ही स्वतःहून लिहून द्यायचं की या परवानगीने मला जागेवर वेगळा काही हक्क येत नाही आणि ॲग्रीमेंट संपलं की परवानगीही संपली. नणंदेच्या मालकांना सगळ्यात जास्त आवडलेली ओळ हीच होती, त्यांनी ती दोनदा वाचली.

दुसरी भीती वीज. इथे मालकाचं म्हणणं रास्त आहे आणि भाडेकरूंना बहुतेकदा ते माहीतच नसतं. मीटर मालकाच्या नावावर, कनेक्शन घरगुती. २००३च्या वीज कायद्याचं कलम १२६ असं आहे की ज्या वापरासाठी वीज मंजूर झाली त्यापेक्षा वेगळ्या वापराला ती लावली तर तो अनधिकृत वापर, आणि तपासणीत तसं ठरलं तर त्या कॅटेगरीच्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते, वापर कधीपासून चालू होता ते कळत नसेल तर मागच्या बारा महिन्यांची. आणि खातं तर मालकाच्या नावावर, तेव्हा वीज खात्याचं पत्र आलं की मालकाला घाम फुटणारच. लक्षात घ्या की प्रश्न युनिट किती जळले हा नाहीच, वापर कुठल्या प्रकारचा हा आहे.

तरीपण युनिटचा हिशेब करून दाखवला तर मालक शांत होतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे कारखाना असतो. नणंदेचा हिशेब असा होता. घरगुती मशीनची मोटर १०० वॉटची, दिवसाला चार तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १० युनिट. इस्त्री १००० वॉटची पण ती सारखी चालू नसते, थर्मोस्टॅट बंद चालू करत असतो, प्रत्यक्ष अर्धा तास धरा, महिन्याला साडेबारा युनिट. पंखा ७५ वॉटचा, साडेसात युनिट. ट्यूब २० वॉटची, दोन युनिट. सगळे मिळून महिन्याला ३२ युनिट. त्यातला पंखा तसाही चालूच असता म्हणा. ट्युशनला तर पंखा आणि ट्यूब, बस.

पण हेच काम वाढलं, जाड कापडाची इंडस्ट्रियल मशीन आली, ओव्हरलॉकला वेगळी मोटर, एक मदतनीस मुलगी, दारावर बोर्ड, तर तपासणीला आलेल्या माणसाला ते घर वाटणार नाही आणि त्याने ते तसं का समजावं. तेव्हा अशी वाढ करायची असेल तर मालकाला सांगूनच कनेक्शनची कॅटेगरी बदलून घ्यावी लागते किंवा मालकाच्या एनओसीने वेगळं कमर्शियल मीटर. नणंदेने म्हणून पत्रातच मर्यादा घातली, एक मशीन, मोटरसकट, मदतनीस नाही.

तिसरी गोष्ट शेजारी, आणि माझं घोडं अडलं ते इथेच. मुलं दुपारी दीडला शाळेतून सुटतात म्हणून मी ट्युशन अडीचला ठेवली होती, पालकांना बरं पडतं, मुलं जेवून लगेच येतात. पण गोव्यात अडीच म्हणजे काय वेळ आहे! अर्धी बिल्डिंग जेवून आडवी झालेली असते, चारपर्यंत दुकानंसुद्धा उघडत नाहीत, आणि माझ्याकडे नऊ पोरं सतराचा पाढा म्हणतायत. मी चार ते सहा केलं आणि तक्रार निम्म्याने कमी झाली. राहिलेली अर्धी चपला आणि स्कूटरची होती, चपला आता घरात प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आणि पालकांना सांगितलंय की गेटच्या बाहेर थांबा.

शिलाईचं वेगळं आहे. मशीनचा आवाज हवेतून कमी आणि फरशीतून जास्त जातो, खालच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या छतातून घुर्र घुर्र ऐकू येतं आणि तुम्हाला वरती पत्ताच नसतो. मशीनच्या पायांखाली जाड रबरी मॅट टाकायची, स्टँड भिंतीला टेकू द्यायचा नाही, आणि खालच्यांच्या घरी जाऊन एकदा स्वतः ऐकायचं, नवऱ्याला वर मशीन चालवायला लावून. आम्ही असं केलं तेव्हा कळलं की हॉलमध्ये खालच्यांचा टीव्ही असतो म्हणून तिथे त्यांना काहीच कळत नाही आणि बेडरूममध्ये ठेवली तर मात्र वैताग. मशीन हॉलमध्ये गेली. गिऱ्हाईकांची ये-जा मात्र शिलाईत कमी करता येते, मापाचा ब्लाऊज मागून घ्यायचा म्हणजे माप द्यायला येणं वाचतं, आणि ट्रायलच्या वेळा ठरवून द्यायच्या. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराई याला अपवाद, तेव्हा लोक रात्री नऊला पण बेल मारतात, हे मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सोसायटी असेल तर तिचे नियम बघावे लागतात, आणि तिथे मेंबर मालक असतो, तुम्ही नाही, त्यामुळे अर्ज त्यांच्यामार्फतच जातो. बऱ्याच बिल्डिंगांत रजिस्टर्ड सोसायटीच नसते, मेंटेनन्सचे पैसे गोळा करणारे एक काका असतात, मग त्या काकांना जाऊन भेटायचं.

बोर्ड लावायचा मोह आवरा. बोर्ड लागला की पंचायत किंवा नगरपालिका ट्रेड लायसन्सचं विचारू शकते, घरपट्टी निवासी की व्यापारी हा प्रश्न निघतो, वीज खात्याचंही लक्ष जातं, आणि हे सगळं शेवटी मालकाच्या दारात. तसंच उद्यम रजिस्ट्रेशन करताना पत्त्यात तो फ्लॅट टाकणार असाल तर मालकाला आधी सांगा. रजिस्ट्रेशन फुकट आहे आणि आधारवर होतं म्हणून लोक रात्री बसून भरून टाकतात, आणि मग मालकाला कुठूनतरी कळतं की आपल्या फ्लॅटच्या पत्त्यावर कोणाचातरी उद्योग आहे.

ट्युशनवाल्यांना दोन गोष्टी जास्तीच्या. तुम्ही शाळेत नोकरीला असाल तर मालकाची परवानगी हा प्रश्नच नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेताच येत नाही. दुसरं म्हणजे केंद्राने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका वगैरे, त्याने बऱ्याच घरगुती ट्युशनवाल्या बायका घाबरल्या. त्यात कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेलं, तेव्हा आठ-दहा पोरांच्या घरगुती शिकवणीला ते धरून नाही. मालकाने पेपरात वाचून हा मुद्दा काढलाच तर एवढं उत्तर पुरे.

आता प्रत्यक्ष विचारणं. नणंदेचे मालक मडगावला राहतात, बँकेतून रिटायर झालेले, ती त्यांना काका म्हणते. मी तिला सांगितलं आधी फोन कर, थेट पत्र पाठवलंस तर त्यांना वाटेल वकिलाकडे जाऊन आली. फोनवर एवढंच बोलली, "काका, मी घरीच थोडी शिलाई करायचा विचार करतेय, तुमच्याशी बोलल्याशिवाय सुरू करायची नाहीय, एक पत्र पाठवते, वाचून तुम्हाला जे पटत नाही ते सांगा." काका म्हणाले, "शिलाई म्हणजे दुकान टाकणार की काय?" ती म्हणाली, "नाही हो काका, दुकान असतं तर भाड्याने गाळाच घेतला असता." मग पत्र गेलं, ते असं होतं.

"आदरणीय काका, आपल्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये मी कुटुंबासह राहते. राहत्या घरातच मला ब्लाऊज, फॉल-पिको आणि छोट्या दुरुस्त्या असं शिलाईचं काम करायचं आहे, त्यासाठी आपली लेखी संमती हवी आहे. घरगुती मोटरची एकच मशीन असेल. काम सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळेत, रविवारी बंद. मदतनीस ठेवणार नाही, बोर्ड लावणार नाही, फ्लॅटच्या पत्त्यावर कुठलंही लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन आपल्याला विचारल्याशिवाय घेणार नाही. वीजबिल मीच भरते, शिलाईच्या वापरामुळे वीज खात्याने किंवा पंचायतीने काही जादा आकारणी केली तर ती मी भरेन. भिंती, फरशी, वायरिंगचं या कामामुळे नुकसान झालं तर दुरुस्त करून देईन. फ्लॅटचा वापर राहण्यासाठीच राहील, या संमतीने मला जागेवर कुठलाही वेगळा हक्क मिळत नाही, आणि ॲग्रीमेंट संपल्यावर ही संमतीही संपेल. पहिले तीन महिने प्रयोग म्हणून बघावे, शेजाऱ्यांची तक्रार आली आणि ती पंधरा दिवसांत सुटली नाही तर आपण संमती मागे घेऊ शकता."

यात शेवटचे पंधरा दिवस आम्ही मुद्दाम घातले. नाहीतर कोणीतरी एकाने फोन करून कुरकुर केली की दुसऱ्या दिवशी बंद करा असं होतं, आणि तुमच्याकडे लोकांचे वीस ब्लाऊज अर्धवट कापून पडलेले असतात.

काकांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, इस्त्री लावायची तर स्वयंपाकघरातल्या १६ ॲम्पियरच्या सॉकेटवर, हॉलमधल्या एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. हे बरोबरच होतं, साध्या बोर्डावर १००० वॉटची इस्त्री आणि आजूबाजूला चिंध्या, म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरं, भाडं दोन हजारांनी वाढवा, शिलाईचे म्हणून. इथे आम्ही अडलो. पैशासाठी नाही, म्हणजे पैशासाठी पण, पण मुख्य म्हणजे शिलाईचे म्हणून वेगळे पैसे असं एकदा कागदावर आलं की जागा धंद्याला दिलीय असाच त्याचा अर्थ कोणीही काढेल, वीज खातं काढेल, घरपट्टीवाले काढतील, आणि तो मालकालाच भोवेल. काकांना हे सांगितल्यावर पटलं, बँकेतला माणूस. शेवटी भाडं तेवढंच आणि डिपॉझिटमध्ये पाच हजारांची भर असं ठरलं, डिपॉझिट परत मिळतं तरी. भाडं वाढवायचंच असेल तर ते पुढच्या ॲग्रीमेंटला साधी भाडेवाढ म्हणून.

मग काकांनी पत्राच्या खाली "संमती आहे" लिहून तारखेसह सही केली, दोन कॉपी, एक त्यांच्याकडे एक हिच्याकडे. ॲग्रीमेंटमध्ये धंदा करायचा नाही अशी स्पष्ट ओळ असेल तर एवढं पुरत नाही हं. तेव्हा एक पुरवणी ॲग्रीमेंट करायचं ज्यात लिहायचं की मूळ कागदातलं अमुक नंबरचं कलम या मर्यादित कामापुरतं लागू नाही, बाकी सगळं तसंच, आणि मूळ ॲग्रीमेंट नोटरी केलं असेल तर हेही नोटरीकडून करून घ्यायचं. नाहीतर एक कागद म्हणतो करू नका आणि दुसरा म्हणतो करा.

मालक नाही म्हणाले तर? कशाला नाही ते विचारा. बहुतेकदा नाही हे शिलाईला किंवा ट्युशनला नसतं, अर्ध्या गोष्टीला असतं. माझ्या मालकांना मुलं चालत होती, नऊ चालत नव्हती, आम्ही एका वेळी पाचवर आलो, दोन बॅच केल्या. पण सरळ नाहीच असेल तर गुपचूप सुरू करू नका, मी करून बघितलंय. मशीन मालकाच्या घरात चालवण्यापेक्षा दुसरे मार्ग असतात, ट्युशन एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी घेता येते, शिलाईत कापड घरी कापून शिवायला मैत्रिणीकडे जाणाऱ्या बायका मी बघितल्यात.

आणि अकरा महिने संपतात तेव्हा जपा. नोटरीकडचा माणूस जुना ड्राफ्ट काढतो, तारखा बदलतो, प्रिंट मारतो, त्यात संमतीचा उल्लेख नसतोच, आणि पत्रात तर आपणच लिहून दिलेलं असतं की ॲग्रीमेंट संपलं की संमती संपली. म्हणजे नवीन कागदावर सही झाल्या दिवसापासून तुम्ही पुन्हा विनापरवानगी. नणंदेचं नेमकं असंच होणार होतं, सही करायच्या आधी तिने वाचलं म्हणून सापडलं, आणि तिने पेनानेच एक ओळ घालून काकांची तिथे सही घेतली. त्याच दिवशी तिने मशीनखालच्या फरशीचे फोटोही काढून काकांना पाठवले, मशीनच्या तेलाचा डाग लादीत एकदा मुरला की निघत नाही आणि डिपॉझिटच्या वेळी तो डाग कधीचा यावरून भांडण होतं.